काचेआडची फैजपूरची तुकडी

सावद्याच्या आत्याकडे मधल्या घरात, मुख्य दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर एक ग्रुप फोटो आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्यात काम केलेल्या आमच्या भागातल्या स्वयंसेवकांची ही तुकडी. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, मागे झाडाची दाट सावली, आणि खाली करड्या माउंटवर बोरूने लिहिलेली नावं. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे माझे आजोबा. पण दिवसा घरात शिरून फोटोसमोर उभं राहिलं की पहिल्यांदा दिसतं ते दार. काचेत दाराचा खालचा अर्धा भाग, उंबरा, त्यापलीकडचं ओट्यावरचं ऊन आणि मधोमध आपण स्वतः. आजोबा त्यांच्या मागे कुठेतरी.

भुसावळला आमचा स्टुडिओ असल्यामुळे घरातली अशी कामं माझ्याकडेच येतात. साधा उपाय म्हणजे फ्रेम उतरवायची, मागचे खिळे काढायचे आणि फोटो बाहेर काढून कॉपी करायची. इथे ते शक्य नव्हतं. जुन्या प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो. ओल धरली की तो मऊ पडतो आणि काचेला चिकटतो. अशी प्रिंट ओढून काढली तर चेहरे काचेवर राहतात आणि हातात कोरा कागद येतो. या फोटोत डावीकडचा बराच भाग चिकटलेला होता. तिथे प्रिंट ओली असल्यासारखी गडद दिसते आणि कडेला नकाशातल्या बेटासारखी रेघ असते. शिवाय लाकडी चौकट वाळवीने पोखरलेली आणि काचेला वरच्या कोपऱ्यात तडा. त्यामुळे फ्रेम भिंतीवरच ठेवायची आणि कॉपी काचेतूनच करायची, असं ठरलं.

त्या गडद बेटाबद्दल आतेभावाने विचारलंच, "दादा, ही पण चमकच ना? फिल्टरने जाईल?" नाही. ओळखायची खूण सोपी आहे. डोकं डावी-उजवीकडे हलवून बघायचं. डाग आपल्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब, जागचा हलला नाही तर तो फोटोतलाच. त्याला फिल्टरचा काही उपयोग नाही.

फिल्टर म्हणजे पोलरायझर. माझ्याकडे सर्क्युलर पोलरायझर आहे, लेन्सवर बसवून त्याची बाहेरची कडी फिरवता येते. काचेतून फोटो म्हटलं की सगळे हाच लावायला सांगतात. सल्ला खरा आहे, पण निम्मा. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून समोरून पडलेल्या उजेडाचा साधारण ४ टक्के भाग परत फिरतो. दोन पृष्ठभाग धरले तर ८ टक्के. आकडा लहान वाटतो, पण दारातलं ऊन घरातल्या फोटोपेक्षा शेकडो पटींनी प्रखर असतं, त्यामुळे तेवढं पुरतं. काचेवरून तिरपा परतणारा उजेड बराचसा एकाच दिशेने कंप पावतो आणि पोलरायझर नेमका तोच अडवू शकतो. पण सरळ समोरून परतणाऱ्या उजेडाला अशी एक दिशाच नसते, तेव्हा फिल्टरने निवडायचं काय? काचेच्या लंबापासून सुमारे ५६ अंश बाजूला गेलं की तो जवळजवळ सगळं प्रतिबिंब पुसतो. बरोबर समोर उभं राहिलं तर काहीच नाही.

आतेभावाला हे सांगून पटणार नव्हतं, म्हणून फिल्टर त्याच्या हातात दिला. समोर उभा राहून त्याने कडी पूर्ण फिरवली. दार होतं तिथेच. मग त्याला भिंतीच्या कडेने तिरपा उभा केला. आता काचेत स्वयंपाकघराकडची भिंत आणि स्टीलच्या भांड्यांची मांडणी दिसत होती. त्याने पुन्हा कडी फिरवली. मांडणी हळूहळू विझली आणि मागून टोप्यांची रांग वर आली. "आयला!" एवढंच म्हणाला. भांडी स्टीलची असली तरी फरक पडत नाही, कारण इथे उजेड परत फिरवते ती काच. भांड्यांचाच फोटो काढताना त्यांच्या अंगची चकाकी मात्र या फिल्टरने अशी जात नाही, धातूची गोष्ट वेगळी.

फोनला क्लिपने लावायचा फिल्टर असेल किंवा हातात धरून वापरायचा असेल, तर त्याची बाजू आधी तपासून घ्यावी. सर्क्युलर पोलरायझरची एकच बाजू फोटोकडे असायला हवी. लॅपटॉपचा पांढरा पडदा लावायचा, फिल्टर डोळ्यासमोर धरून फिरवायचा. एका ठिकाणी पडदा काळा पडला तर जी बाजू पडद्याकडे होती तीच काचेकडे ठेवायची. काळा न पडता नुसता रंग पिवळट-निळसर होत असेल, तर फिल्टर उलटा आहे.

मग सगळं काम ५६ अंशांवरूनच का करत नाहीत? कारण तिथून दोन फुटांची फ्रेम जेमतेम तेरा इंचांची दिसते. जवळची कड मोठी, लांबची बारीक, आणि दोन्ही एकदम फोकसमध्ये ठेवणं अवघड. संगणकावर ओढून चौकोनी करता येते, पण ओढल्याने तपशील वाढत नाही, चेहरे नुसते रुंद होतात. माझा अनुभव असा की ४० अंशांच्या आसपास चांगली तडजोड होते. तिथे फिल्टरने साधारण दोन तृतीयांश प्रतिबिंब जातं आणि रुंदी पाऊणपट राहते. कॉपीसाठी हेही पुरेसं नाही, पण अक्षरं वाचायला उत्तम. म्हणून खालच्या नावांच्या पट्टीचा एक फोटो मी असा बाजूने घेऊन ठेवला. ॲपर्चर एफ/११, कॅमेरा तिपाईवर. फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेव्हा हातात धरून हे काम होत नाही. बाजू निवडताना एवढंच पाहिलं की तिकडून काचेत सर्वांत अंधारी भिंत दिसावी. फिल्टर लावण्याआधीच निम्मं काम तिथे होतं.

मुख्य कॉपी मात्र समोरूनच घ्यायची होती, आणि समोरून फिल्टरचा उपयोग नाही. तिथे एकच मार्ग उरतो. काचेला दाखवायलाच काही ठेवायचं नाही.

काच आरसाच असते, फक्त कमजोर. लेन्सच्या जागी डोळा ठेवला की काचेत जे दिसतं, तेच फोटोत येणार. तेवढा भाग काळा केला की झालं. किती भाग? हिशेब सोपा आहे. कॅमेरा काचेसमोर असेल, तर कॅमेऱ्याच्या पातळीवर काचेच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच पट्टा काचेत दिसतो. अंतर कितीही असो, दुप्पटच. आमची काच दोन फूट बाय दीड फूट, म्हणजे कॅमेऱ्याभोवती चार बाय तीन फुटांचं काळं कापड पुरे. ते मागे दाराशी लावायचं म्हटलं तर तिप्पट-चौपट मोठं लागेल. म्हणून पडदा नेहमी कॅमेऱ्याला लागून असावा.

कापड कोणतं, हाही प्रश्न आहेच. लग्नाच्या मंडपातलं काळं सॅटिन बिनकामाचं, त्याच्या सुरकुत्या चमकतात आणि काचेत त्यांच्याच रेघा येतात. आत्याच्या कोठीत मेंढीच्या लोकरीची जुनी काळी घोंगडी होती. तिच्याइतका उजेड गिळणारं कापड मी स्टुडिओतही पाहिलेलं नाही. एक तिच्याकडची आणि एक शेजारची अशा दोन घोंगड्या आडव्या बांबूवर शेजारी शेजारी टाकल्या आणि त्यांच्या फटीतून लेन्सचं तोंड बाहेर काढलं. घोंगडीला भोक पाडायचा विचारही आत्यासमोर बोलून दाखवण्यासारखा नव्हता.

जुनी फ्रेम भिंतीला चपटी नसते, दोरीवर वरून पुढे कललेली असते. म्हणून काचेच्या लंबात यायचं तर कॅमेरा फ्रेमच्या मध्यापेक्षा खाली घ्यावा लागतो आणि किंचित वर बघावा लागतो. बरोबर समोर आलो का हे मोजपट्टी न लावता कळतं. काचेत लेन्सचं प्रतिबिंब फोटोच्या बरोबर मध्यावर दिसलं की समोर आलो. मी ५० मिमीची लेन्स लावून पाच फुटांवर होतो, कॅमेरा छोट्या सेन्सरचा.

दार बंद केलं, झरोक्यात पोतं कोंबलं. काच बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने पुसली, पाणी अजिबात लावलं नाही, तड्यातून ते आत शिरलं तर प्रिंट गेलीच. धूळ आधी दिसत नाही, पण बाजूने दिवे लावले की प्रत्येक कण चमकतो. खान्देशात उन्हाळ्याच्या तोंडाला धूळ अर्ध्या तासात परत बसते, तेव्हा पुसणं सगळ्यात शेवटी.

दिवे दोन, एकाच जातीचे, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना बरेच बाहेर आणि काचेशी तिरपे. सरळ पुढून दिवा लावला तर तोच काचेत दिसतो. दोन्हीकडून सारखा उजेड पडतो का, हे बघायला काचेसमोर एक पेन्सिल लंब धरली. तिच्या दोन सावल्या पडतात. दोन्ही सारख्या गडद दिसेपर्यंत दिवे मागेपुढे केले. यात फिल्टर काढूनच टाकला, समोरून तो नुसता उजेड खातो.

इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर दार नाही, ऊन नाही, सावलीतली झाडाची खोडं वेगळी दिसायला लागलेली. आत्या मागे उभी राहून बघत होती. "मले त रोज सगयं दिसते, तुया कॅमेऱ्यालेच येवढा तमाशा लागते," म्हणाली. तिचं बरोबर होतं. दोन डोळ्यांना काचेतलं दार वेगवेगळ्या जागी दिसतं आणि माणूस हलत बघतो, त्यामुळे मेंदू ते बाजूला सारतो. कॅमेऱ्याचा डोळा एक, आणि तोही खिळलेला.

मोठं करून पाहिलं तेव्हा उजव्या कडेला दोन चेहऱ्यांवर एक तिरपी पांढरी रेघ होती, लाटेसारखी. हिशेबाने तिथे दिवा दिसायलाच नको. पण हिशेब सपाट काचेचा, आणि ही काच जुनी, तिला लाटा आहेत. दाराच्या उजेडात तिरपं पाहिलं तर तिच्यामागच्या सरळ रेघा वाकलेल्या दिसतात. लाटेच्या उतारावर काचेचा कोन दोन-चार अंशांनी बदलतो आणि दूरचा दिवा तिथून लेन्समध्ये येतो. दिवा हलवला की ती रेघ जाते, पण दुसऱ्या लाटेवर दुसरी उठते. काच बदलल्याशिवाय एका फोटोत हे सुटत नाही.

दोन फोटोंत सुटतं. कॅमेरा तिपाईवर हलवायचा नाही, फोकस आणि एक्स्पोजर हाताने बांधून ठेवायचं. पहिला फोटो आहे तसा. मग उजवा दिवा फूटभर वर सरकवला, फोटोपासूनचं अंतर तेवढंच ठेवलं आणि दुसरा घेतला. शटर दाबायला दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का नको. आता दोन्ही फोटोंत रेघा वेगळ्या जागी आहेत. प्रतिबिंब कधी उजेड कमी करत नाही, नेहमी वाढवतंच. म्हणून दोन्ही फोटोंतला प्रत्येक ठिपका पाहून त्यातला अधिक गडद ठेवला की उरतं ते फोटोचं. गिम्प या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फोटो दुसऱ्यावर लेयर म्हणून ठेवायचा आणि वरच्या लेयरचा मोड `Darken only` करायचा. तेवढंच.

पण त्याआधी एक काम असतं, ते विसरलं तर चित्र पट्ट्यापट्ट्यांचं होतं. दिवा सरकवल्याने फोटोवरचा एकूण उजेडही थोडा बदलतो. मग गडद निवडताना संगणक प्रतिबिंब सोडून दिव्याचा फरक निवडतो. म्हणून माउंटच्या कोऱ्या करड्या भागात दोन्ही लेयरचे उजळपणाचे आकडे बघितले आणि दुसरा फोटो `Levels` मधून पहिल्याच्या बरोबरीला आणला. मग मोड बदलला. रेघ गेली. त्या दोघांपैकी एकाच्या कपाळावरचा गंधाचा टिळा पहिल्यांदाच दिसला.

एवढं झालं, पण नावांचं काम बाकी होतं. मागच्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली आणि माउंटच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला कसर लागली. शेवटची दोन नावं खाल्ली गेली होती. माझ्या कॉपीत तिथे नुसती भुरकट जाळी. आतेभावाकडे मात्र त्याच्या बहिणीच्या लग्नातला एक फोन-फोटो निघाला, कसर लागण्याआधीचा. कोपरा शाबूत, पण दार सताड उघडं आणि त्याचं प्रतिबिंब नेमकं त्याच कोपऱ्यावर. म्हणजे ही दोन नावं जगात फक्त त्या एका फाइलमध्ये होती आणि तीही पांढऱ्या पडद्याआड. पुन्हा फोटो काढायची सोयच नाही. इथे एडिटिंगला पर्याय नव्हता.

सुरुवातीला एकच गोष्ट पाहिली. दाराच्या प्रतिबिंबाचा सर्वांत उजळ भाग पूर्ण पांढरा झालाय का? गिम्पमध्ये त्या जागी नेऊन आकडा बघायचा. तिन्ही रंगांत २५५ असेल तर तिथे काही उरलेलं नाही, कोणतंही सॉफ्टवेअर आणा. वरच्या बाजूला, जिथे ओट्यावरचं ऊन होतं, तसाच प्रकार होता. पण नावांवर दाराच्या आतल्या सावलीचं फिकट पांघरूण होतं, आकडे दोनशेच्या आत. म्हणजे अक्षरं खाली जिवंत आहेत.

असं पांघरूण काढताना ब्राइटनेस कमी करायचा मोह होतो. त्याने काळं आणि पांढरं दोन्ही खाली येतं आणि फोटो नुसता मळकट होतो. प्रतिबिंबाने सगळीकडे उजेड मिळवलेला असतो, आपल्याला तो वजा करायचा असतो. मिळवलेल्या उजेडाचा परिणाम काळ्यावर जास्त दिसतो, पांढऱ्यावर कमी. म्हणून पांघरुणाच्या बाहेर एक गडद आणि एक फिकी जागा निवडली आणि आत तशाच दोन जागा. बाहेर झाडाची सावली ३०, माउंटचा कागद १७०. आत तीच सावली १०५, तोच कागद १९०. मग दाराच्या आकाराची निवड करून, तिच्या कडा मऊ करून, `Colors > Levels` मध्ये आतले १०५ आणि १९० हे इनपुट दिले आणि ३० आणि १७० हे आउटपुट. पडदा उचलल्यासारखा कोपरा बाकीच्या फोटोच्या बरोबरीला आला.

याची किंमतही मोजावी लागते. आत ८५ आकड्यांत दाबलेलं चित्र १४० आकड्यांत ताणलं गेलं, दीडपटीहून जास्त. तेवढेच दाणेही ताणले गेले, आणि फोनच्या जेपीजीचे चौकोनही दिसायला लागले. कडा तर एकदम साफ होतच नाहीत, कारण काचेला दोन पृष्ठभाग असल्याने दाराची कडही दुहेरी उमटते, एक ठळक आणि तिच्याशेजारी दुसरी. निवडीची कड तेवढ्या रुंदीची मऊ केली तेव्हाच ती जोडरेघ दबली.

मग रंगांचा उपयोग केला. मूळ फोटो काळा-पांढरा, पण दारातून येणारा उजेड आकाशाचा, निळसर. म्हणजे प्रतिबिंब निळ्या चॅनलमध्ये सर्वांत दाट, लाल चॅनलमध्ये सर्वांत विरळ. `Colors > Components > Decompose` ने लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही वेगळे केले. चेहऱ्यांसाठी लाल चॅनल सरळ घेतला, बाकी दोन टाकून दिले. नावांसाठी मात्र लाल चालला नाही. नव्वद वर्षांची शाई तपकिरी पडलेली, आणि तपकिरी रंग लाल चॅनलमध्ये कागदात विरघळतो. निळ्यात शाई ठळक, पण तिथे दारही ठळक. शेवटी हिरव्यात मधला मार्ग मिळाला, आणि वरचे `Levels` तिथेच पुन्हा केले.

आतेभावाने तोवर फोनवर एका टिचकीत प्रतिबिंब पुसणारं बटण दाबून पाहिलं होतं. निकाल पहिल्या नजरेला माझ्यापेक्षा सुंदर. दार गायब, कोपरा चकचकीत. पण नावांच्या जागी जे होतं ते लांबून देवनागरी आणि जवळून काहीच नाही, रेघेला टांगलेल्या आकृत्या. आणि शेवटच्या माणसाला मिशी आली होती. मी बाजूने घेतलेल्या फिल्टरच्या फोटोत वरची रांगही थोडी आली होती, त्यात हा माणूस सपाट ओठांचा, मिशी नाही. असं बटण जिथे माहिती नसते तिथे अंदाजाने भरतं. दुकानाच्या काचेतली साडी असेल तर हरकत नाही. कोण होतं हे ठरवायचं असेल, तर तो फोटो पुरावा म्हणून बाद. मी तो वेगळ्या नावाने ठेवलाय, घरच्या ग्रुपवर पाठवू नको म्हणून सांगितलं. पाठवलाच असणार.

हिरव्या चॅनलमधलं शेवटून दुसरं नाव पूर्ण लागलं. आत्याने ते वाचल्याबरोबर गाव आणि घर दोन्ही सांगितलं, त्यांच्या केळीच्या मळ्याला लागूनच त्यांचा मळा होता. शेवटच्या नावाचं पहिलं अक्षर आणि वडिलांच्या नावातला एक काना वाचता येतो, त्यापुढे दार पूर्ण पांढरं झालेलं. तिथे मी काही भरलं नाही. प्रिंटखाली यादी छापली त्यात ती जागा रिकामी सोडून चौकोनी कंस टाकला.

नवी प्रिंट फ्रेम करायला दिली तेव्हा दुकानदाराने नॉन-ग्लेअर काच दाखवली. ती खरखरीत पृष्ठभागाची असते. दाराचं प्रतिबिंब पसरवून फिकं करते, पण फोटोपासून थोडी दूर असली की फोटोही तितकाच धूसर दाखवते. आणि मला काच फोटोपासून दूरच हवी होती, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ही प्रिंटही चिकटणार. म्हणून साधीच काच घेतली, प्रिंटच्या चारी बाजूंनी जाड माउंट घालून मध्ये हवेची फट ठेवली, आणि ती फ्रेम दारासमोर न लावता दाराच्याच भिंतीवर, उजेडाकडे पाठ करून लावली. जुनी फ्रेम जागची हलवलेली नाही. फक्त तिच्यामागे वर-खाली बुचाचे तुकडे बसवले, म्हणजे ओल्या भिंतीपासून बोटभर तरी सुटी राहील.